मराठीतलं कर्मणी वाक्य: कसं फिरवायचं, आणि कधी फिरवायचंच नाही

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात मराठी लिहिणाऱ्यांच्या कानावर दिवसभर कानडीही असते, आणि कचेरीतला बराच मजकूर कानडीतून किंवा इंग्रजीतून मराठीत येतो. त्यामुळे 'केला गेला', 'करण्यात आला', 'झाला' यांतलं नेमकं कुठलं वापरायचं, हा प्रश्न इथे जास्त पडतो. त्यातले नेहमीचे प्रश्न इथे घेतले आहेत.

'रामाने आंबा खाल्ला' हा आधीच कर्मणी प्रयोग आहे. मग त्यात आणखी काय फिरवायचं?

'कर्मणी' हे एकच नाव दोन वेगळ्या गोष्टींना वापरलं जातं, आणि घोळ तिथून सुरू होतो. 'रामाने आंबा खाल्ला' यात क्रियापद आंब्याप्रमाणे बदलतं. चिंच असती तर 'खाल्ली', पेरू असते तर 'खाल्ले'. म्हणून शाळेच्या व्याकरणात तो कर्मणी प्रयोग. पण करणारा राम वाक्यात ठळकपणे उभा आहे, आणि बोलणाऱ्याच्या मनात ही 'रामाने काय केलं' याचीच गोष्ट आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे 'आंबा खाल्ला गेला'. इथे राम मागे सरला, किंवा पार गेलाच. व्याकरणाच्या पुस्तकांत याला नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी म्हणतात. इंग्रजीचा तास घेणारे ज्याला पॅसिव्ह व्हॉइस म्हणतात त्याच्या जवळचं मराठी रूप हे. या पानावर 'फिरवलेलं वाक्य' म्हटलं की हेच समजावं.

फिरवायच्या पायऱ्या कोणत्या?

'पोलीस गाड्या अडवतात' हे वाक्य घेऊ. आधी 'काय अडवतात?' असं विचारून कर्म शोधायचं: गाड्या. मग क्रियापदाचं भूतकाळी रूप त्या कर्माच्या लिंगवचनात घ्यायचं: अडवल्या. त्याला 'जाणे' जोडायचं, आणि मूळ वाक्याचा काळ या 'जाणे'वर चढवायचा: अडवल्या जातात. शेवटी करणारा ठेवायचाच असेल तर 'पोलिसांकडून' असा ठेवायचा, नाही तर काढून टाकायचा. बहुतेक वेळा काढूनच टाकावा. त्याचं कारण पुढे येईल.

काळ बदलला की फक्त दुसरा शब्द काळ दाखवतो: अडवल्या जात आहेत, अडवल्या गेल्या, अडवल्या जातील, अडवल्या जायच्या, अडवल्या जाव्यात. लिंगवचन मात्र दोन्ही शब्दांना लागतं. ट्रक अडवला गेला, गाडी अडवली गेली, वाहन अडवलं गेलं. 'गाड्या अडवली गेल्या' किंवा 'गाड्या अडवल्या गेलं' अशी चूक होते ती एकच शब्द बदलून थांबल्यामुळे. तपासायची सोपी युक्ती म्हणजे कर्माचं अनेकवचन करून वाक्य मोठ्याने म्हणायचं. दोन्ही शब्द हलले तर वाक्य बरोबर.

भूतकाळी रूप करताना काही क्रियापदं अडतात: मागणे–मागितला, सांगणे–सांगितला, घेणे–घेतला, धुणे–धुतला, म्हणणे–म्हटला. 'सांगला गेला' असं लिहिलेलं दिसलं तर गडबड इथे झाली आहे.

कर्माला 'ला' लागलेला असेल तर?

'पोलिसांनी चोराला पकडलं' याचं 'चोर पकडला गेला' होतं, आणि 'चोराला पकडलं गेलं' असंही होतं. पहिल्यात 'ला' गेला, म्हणून क्रियापद चोराप्रमाणे पुल्लिंगी. दुसऱ्यात 'ला' राहिला, म्हणून क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात थिजलं. चोर दहा असले तरी 'चोरांना पकडलं गेलं'. नियम इतकाच: 'ला' असला की क्रियापद त्या शब्दाकडे बघत नाही.

दोन कर्मं असली तर हाच नियम कामी येतो. 'शिक्षकांनी मुलांना वह्या दिल्या' हे फिरवलं की 'मुलांना वह्या दिल्या गेल्या'. इंग्रजीत मुलांना वाक्याचा धनी करता येतं, मराठीत नाही. 'मुले वह्या दिली गेली' हे इंग्रजीवरून केलेलं भाषांतर आहे, मराठी वाक्य नव्हे.

'केला गेला' आणि 'करण्यात आला' यांत फरक काय?

'करण्यात आला' ही कचेरीची, बातमीची आणि सभेच्या इतिवृत्ताची भाषा. त्यामागे एक गृहीत असतं: कोणीतरी, बहुधा अधिकार असलेल्या माणसाने, ठरवून ते केलं. 'बेळगावचं नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी करण्यात आलं' हे वाक्य म्हणूनच नीट बसतं. पण 'पावसाने भिंत पाडण्यात आली' असं कोणी म्हणत नाही, कारण पाऊस काही ठराव करून भिंत पाडत नाही. चुकून घडलेल्या गोष्टीलाही हे रूप चालत नाही. 'घाईत सही चुकीच्या जागी करण्यात आली' असं वाचलं की हसू येतं.

'केला गेला'ला ही अट नाही. ते ठरवून केलेल्यालाही चालतं आणि नकळत झालेल्यालाही. नेहमीच्या, वारंवार होणाऱ्या गोष्टींना तेच जास्त शोभतं: 'या भागात मराठी आणि कानडी दोन्ही बोलल्या जातात.' इथे 'बोलण्यात येतात' केलं तर जणू तसा सरकारी आदेशच निघालाय.

दोन्ही एकत्र मात्र कधीच नाहीत. 'निर्णय घेण्यात आला गेला' यात एक जास्तीचा आहे.

कानडी सूचनेचं मराठी करताना क्रियापद नेहमी चुकतं. का?

कारण कानडीतलं हे रूप हलत नाही, आणि मराठीतलं हलतं. एक नमुना उलगडून बघू. पाइपलाइनच्या दुरुस्तीमुळे पाणी बंद असल्याची सूचना आहे, आणि कानडीत तिचा शेवट असा: 'नीरु सरबराजन्नु स्थगितगोळिसलागिदे.' घाईत केलेलं मराठी बहुधा असं होतं: 'पाणीपुरवठ्याला स्थगित करण्यात आले आहे.'

यात दोन चुका आहेत आणि दोन्ही कानडीतून जशाच्या तशा आल्या आहेत. 'सरबराजन्नु' मधला 'अन्नु' हा कर्माचा प्रत्यय. कानडीत तो निर्जीव वस्तूलाही लागतो आणि 'लागिदे'च्या वाक्यातही टिकतो. भाषांतर करणारा त्याच्या जागी 'ला' ठेवतो. मराठीत निर्जीव कर्माला असा 'ला' सहसा लागत नाही. 'मी दाराला उघडलं' असं आपण म्हणत नाही, तसंच हे. एकदा तो 'ला' बसला की क्रियापद थिजतं आणि 'आले आहे' होतं.

दुसरी चूक याच्या आतच आहे. 'लागिदे' हे कानडी रूप पुरवठा असो, सभा असो की अर्ज असोत, तसंच राहतं. 'सभेयन्नु करेयलागिदे', 'अर्जिगळन्नु आह्वानिसलागिदे': शेवट एकच. तो कानाला बसला की मराठीतही सगळीकडे 'आले आहे' उतरतं, आणि मग भिंतीवर 'सभा बोलावण्यात आले आहे', 'अर्ज मागविण्यात आले आहे' अशी वाक्यं लागतात. हवं ते असं: सभा बोलावण्यात आली आहे, अर्ज मागविण्यात आले आहेत.

आता मूळ सूचना नीट करू. 'ला' काढला की 'पाणीपुरवठा' मोकळा झाला आणि पुल्लिंगी म्हणून क्रियापदाला धरता आला: 'पाणीपुरवठा स्थगित करण्यात आला आहे.' वाक्य शुद्ध झालं. पण गल्लीतल्या माणसासाठी 'स्थगित'ही जडच. 'पाइपलाइनच्या दुरुस्तीमुळे पाणीपुरवठा बंद ठेवण्यात आला आहे' एवढं पुरे. आणि हीच बातमी शेजारणीला सांगायची असेल तर वाक्य आणखी वेगळं होतं: 'उद्या पाणी सोडणार नाहीत, भरून ठेवा.' त्याबद्दल पुढे.

भाषांतर झालं की एक काम करावं. प्रत्येक 'आले आहे'खाली रेघ मारायची आणि मागे जाऊन 'काय?' विचारायचं. उत्तर नपुंसकलिंगी एकवचनी असेल, किंवा त्याला 'ला' किंवा 'ना' असेल, तरच ती रेघ पुसायची.

'आरोपीला अटक करण्यात आले' हे का चूक? 'आरोपीला' मध्ये 'ला' आहे की.

'ला' आहे, पण क्रियापदाला धरायला जवळच दुसरा शब्द आहे: अटक. ती स्त्रीलिंगी, म्हणून 'अटक करण्यात आली'. अशी नाम आणि 'करणे' मिळून झालेली क्रियापदं सरकारी मराठीत खच्चून भरलेली असतात: चौकशी करण्यात आली, सत्कार करण्यात आला, सुट्टी जाहीर करण्यात आली, पंचनामे करण्यात आले.

सावधगिरी एवढीच की त्या जोडीतला पहिला शब्द नाम आहे की विशेषण ते बघायचं. 'दुरुस्ती' नाम आहे, म्हणून रस्त्याची दुरुस्ती करण्यात आली. 'दुरुस्त' विशेषण आहे, त्याला लिंग नाही; तिथे क्रियापद रस्त्याकडे बघतं आणि 'रस्ता दुरुस्त करण्यात आला' होतं.

करणाऱ्याचं नाव ठेवायचं तर 'कडून', 'ने', 'तर्फे', 'द्वारा' यांतलं कोणतं?

फिरवलेल्या वाक्यात 'कडून'. 'तर्फे' म्हणजे त्या संस्थेच्या नावाने: 'ग्रामपंचायतीतर्फे झाडं लावण्यात आली.' लावणारे हात दुसऱ्या कोणाचे असू शकतात. 'मार्फत' म्हणजे मधला माणूस किंवा मधली कचेरी: 'अर्ज मुख्याध्यापकांमार्फत पाठवण्यात यावा.' 'द्वारा' टाळलं तर काही बिघडत नाही. 'ने' फिरवलेल्या वाक्यात येतो तो हत्याराला: 'दगडाने काच फोडली गेली.' दगड कुणी मारला ते अजून कळलेलं नाही.

पण खरं उत्तर असं की नाव ठेवायचंच असेल तर बहुधा वाक्य फिरवूच नये. इंग्रजीत वस्तूला वाक्याच्या तोंडाशी आणायचं तर पॅसिव्ह लागतो. मराठीत शब्द नुसते पुढेमागे केले तरी ते काम होतं. 'हा पूल कोणी बांधला?' याला 'हा पूल त्याच ठेकेदाराने बांधला' असं सरळ उत्तर आहे. पूल पुढे आला, क्रियापद पुलाप्रमाणे झालं, ठेकेदारही जागेवर राहिला. 'हा पूल त्याच ठेकेदाराकडून बांधला गेला' हे व्याकरणात बसतं, पण तोंडात येत नाही. भाषांतरात 'अमुककडून लिहिली गेलेली कादंबरी' दिसली की खोडून 'अमुकने लिहिलेली कादंबरी' करावं. दहात नऊ वेळा हे जमतं.

परीक्षेत 'प्रयोग बदला' विचारलं असेल तर अर्थातच 'कडून' लिहून गुण घ्यावेत.

करणारा सांगायचा नसेल तेव्हा बोलताना लोक काय म्हणतात? 'गेला' तर फारसं ऐकू येत नाही.

बोलताना माणसं वाक्य फिरवत नाहीत, करणाऱ्याला नुसतं गाळतात. भूतकाळात हे फार सोपं, कारण क्रियापद आधीच कर्माला बांधलेलं असतं. 'आमच्या गल्लीतला रस्ता खणून ठेवलाय.' कोणी खणला? ज्याचं खणायचं काम त्याने. 'खणला गेला आहे' म्हणायची गरज पडत नाही.

वर्तमान आणि भविष्यात क्रियापद करणाऱ्याप्रमाणे चालतं, म्हणून तिथे नाव न घेता अनेकवचन वापरतात: 'तिथे चहा चांगला देतात', 'उद्या लाईट घालवणार आहेत', 'निकाल सोमवारी लावतील.' हे 'ते' म्हणजे कोण, हे विचारायचं नसतं. पाककृतीतही हेच. कुंदा कसा करतात हे सांगताना बेळगावचा माणूस 'दूध आटवतात, मग साखर घालतात' म्हणेल. 'दूध आटवलं जातं, साखर घातली जाते' हा आवाज माहितीपटातला. दोन्ही मराठीच आहेत, पण आपल्याला कुठल्या आवाजात बोलायचंय ते आधी ठरवावं.

माणसांच्या नोकरीपाण्याच्या गोष्टीत तिसरी वाट आहे, ती म्हणजे नाम आणि 'होणे'. बदली झाली, नेमणूक झाली, निवड झाली, सत्कार झाला. 'तिची शिक्षिका म्हणून नेमणूक झाली' याच्यापुढे 'तिला शिक्षिका म्हणून नेमलं गेलं' अवघडलेलं वाटतं. 'बदली केली गेली' म्हटलं तर ऐकणारा लगेच विचारतो, कोणी केली, कशावरून केली? म्हणजे रूप बदललं तसा संशयही आत शिरला.

'जळाला', 'जाळला' आणि 'जाळला गेला' यांत एवढा फरक पडतो का?

पडतो, आणि कधी कधी महागात पडतो. चिकोडी–निपाणीकडे उसाच्या फडाला आग लागली अशी कल्पना करा.

'ऊस जळाला' म्हटलं तर आग लागली, ऊस गेला, कोणाचा हात आहे की नाही याबद्दल वाक्य गप्प आहे. वीजवाहिनीची ठिणगी पडून झालं असेल तर हेच रूप. 'ऊस जाळला' यात करणारा गाळलाय, पण तो आहे. ऐकणारा लगेच 'कुणी?' म्हणतो. मालकाने तोडणी सोपी व्हावी म्हणून स्वतःच पेटवला असेल तरीही हेच रूप येतं, म्हणून ते मोघम आहे. 'ऊस जाळला गेला' यात करणारा आहे, ते मुद्दाम झालंय, आणि बोलणारा त्याचं नाव घेत नाही किंवा घेऊ शकत नाही. 'ऊस पेटवून देण्यात आला' ही त्याचीच पोलीस ठाण्यातली किंवा बातमीतली आवृत्ती.

फिर्याद किंवा नुकसानीचा अर्ज लिहिताना म्हणूनच जपावं. आग कशी लागली हे ठाऊक नसताना 'जाळला गेला' लिहिलं तर आपण घातपात झाल्याचं लिहून दिलं असा त्याचा अर्थ होतो. ठाऊक नसेल तर 'जळाला'.

अशा जोड्या मराठीत पुष्कळ आहेत: फोडणे–फुटणे, तोडणे–तुटणे, पाडणे–पडणे, सोडणे–सुटणे, गाळणे–गळणे. जोडीतलं दुसरं क्रियापद हाताशी असताना आणि कोणी मुद्दाम केलेलं नसताना मराठी माणूस 'गेला'च्या वाटेला जात नाही. 'वाऱ्याने फांदी तोडली गेली' नाही, 'वाऱ्याने फांदी तुटली'. 'बांधणे' आणि 'लिहिणे' यांना अशी जोडी नाही, म्हणून 'घर बांधलं गेलं' अधिक वेळा लागतं. काम पुरं झालं एवढंच सांगायचं असेल तर तिथेही 'घर बांधून झालं'.

मग 'ला गेला' हे रूप बोलण्यात खरोखर कुठे येतं?

नकळत किंवा मनाविरुद्ध झालेल्या गोष्टीत, आणि ही जागा पाठ्यपुस्तकात फारशी सापडत नाही. 'रागात बोललं गेलं.' 'लग्नात जरा जास्तच खाल्लं गेलं.' 'या गडबडीत तुम्हाला फोन करायचा राहिला, विसरलं गेलं.' बोलणारा स्वतःच करणारा आहे, पण ते हातून निसटलं असं त्याला सांगायचंय. 'मी बोललो' म्हटलं तर जबाबदारी घेतली. 'बोललं गेलं' म्हटलं तर चूक कबूल, पण हेतू नाकबूल. करणारा सांगायचाच असेल तर 'माझ्याकडून' किंवा 'माझ्या हातून': 'माझ्याकडून बोललं गेलं, काकू, मनावर घेऊ नका.' इथे 'कडून' अगदी सहज बसतो, आणि वर ठेकेदाराच्या वाक्यात तोच खुपत होता. फरक हेतूचा आहे.

नकारातही ते येतं: 'यंदा वाचनच केलं गेलं नाही.' केलं नाही, पण करायचं नव्हतं असं नाही.

म्हणूनच माफीच्या पत्रात 'बोललं गेलं' वापरताना विचार करावा. समोरच्याला मराठी नीट येत असेल तर त्याला त्यातली पळवाट ऐकू येते.

'मला चालवत नाही' हेही यातलंच का?

नातेवाईक आहे. व्याकरणात अशा क्रियापदाला शक्य क्रियापद म्हणतात. 'विसरलं गेलं' मध्ये नको असताना झालं. 'चालवत नाही' मध्ये हवं असून होत नाही. 'मला आता जिना चढवत नाही', 'त्याच्याने ते बघवलं नाही.' हे बहुतेक नकारातच जगतं.

हे रूप इंग्रजीतून आलंय का?

'रामाकडून रावण मारला गेला' हा शाळेतला साचा इंग्रजी व्याकरणाच्या धाटणीवर शिकवला जातो, एवढं खरं. पण कर्ता मागे सारण्याची सोय जुन्या मराठीतही होती, 'इजे' प्रत्ययाची: करिजे, म्हणिजे. ती रूपं गेली, पण त्यांचं एक पोर आपण रोज वापरतो: 'पाहिजे'. मूळ अर्थ 'पाहिलं जावं' असा. म्हणूनच आजही 'मी वही पाहिजे' होत नाही, 'मला वही पाहिजे' होतं.

आमच्याकडे 'मी काम केलो', 'मी सांगितलो' म्हणतात. त्यामुळे फिरवताना अडचण येते का?

येते, आणि कुठे येते ते कळलं की सुटते. प्रमाण मराठीत 'मी काम केलं': 'मी'ला 'ने' लागत नाही, पण क्रियापद कामाप्रमाणेच असतं. सीमाभागात अनेकांच्या बोलीत ते 'मी'प्रमाणे चालतं. कानडीत सगळ्याच काळांत क्रियापद करणाऱ्याप्रमाणे चालतं, त्याच्याशी हे जुळतं. घरच्या बोलीत ते तसंच राहू द्यावं. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

लिहिताना मात्र ज्याच्या तोंडी 'मी अर्ज भरलो' आहे त्याला कर्माकडे बघायची सवयच नसते, आणि 'अर्ज भरला गेलो' असं काहीतरी हातून लिहिलं जातं. उपाय असा की फिरवण्याआधी मूळ वाक्यातला 'मी' काढून तिथे 'आईने' घालायचं. 'आईने अर्ज भरला', 'आईने फी भरली.' हे कानाला बरोबर लागलं की 'अर्ज भरला गेला', 'फी भरली गेली' आपोआप येतं.

तक्रारअर्ज कोणत्या रूपात लिहावा?

बहुतेक जण कचेरीला लिहायचं म्हणून सगळं 'ण्यात आले'त लिहितात: 'माझा अर्ज नाकारण्यात आला, मला परत पाठवण्यात आले, कारण सांगण्यात आले नाही.' वाचणाऱ्या साहेबाला हे सोयीचं पडतं, कारण यात कोणीच काही केलेलं नाही. तक्रारीत करणारा दिसला पाहिजे. 'दि. ५ रोजी आपल्या कार्यालयातील खिडकी क्र. २ वरील कर्मचाऱ्याने माझा अर्ज कारण न देता परत केला.' नाव ठाऊक नसलं तरी खिडकी, तारीख आणि वेळ देता येते, आणि कचेरीला कुणाला विचारायचं ते कळतं.

सीमाभागाच्या राजकारणाला हा फरक चांगला ठाऊक आहे. '१९५६ साली बेळगाव म्हैसूर राज्यात समाविष्ट करण्यात आलं' हे वाक्य इतिहासाच्या पुस्तकातलं. भाषणात मात्र 'बेळगाव म्हैसूर राज्यात डांबलं' असं असतं, आणि कोणी डांबलं ते पुढच्याच वाक्यात येतं.

'ण्यात यावा' तेवढं अर्जाच्या शेवटी राहू द्यावं. 'सदर उतारा मला देण्यात यावा, ही विनंती' यात तो कोणी द्यायचा हा त्या कचेरीचा आतला प्रश्न आहे. तिथे नाव घेण्यात अर्थ नाही.